कोमोरेबीला मराठीत काय म्हणाल?

मोहोर
व्हॉट्सअ‍ॅपवर तो फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच, 'जगातल्या कुठल्याही भाषेत नसलेले जपानी शब्द'. पहिला नंबर कायम कोमोरेबीचा. अर्थ काय, तर झाडाच्या पानांतून झिरपणारं ऊन. सोबत दाट जंगलाचं चित्र, त्यात प्रकाशाचे जाडजूड झोत आणि खाली कुणीतरी डोळे मिटून बसलेलं.

मी पुण्यात दीड वर्षं जपानी शिकतेय. हे चित्र आमच्या सेन्सेईंना दाखवलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "हा शब्द मी शेवटचा एका वृद्धाश्रमाच्या पाटीवर वाचला." म्हणजे तिकडे तो रोजच्या वापरातला आहे, त्याला कुणी धूप-अगरबत्ती लावत नाही.

माझे प्रश्न दोन. हा शब्द आतून बनलाय कसा? आणि आपल्याकडे याला खरंच शब्द नाही का? असे आणखी शब्द माहीत असतील तर तेही लिहा, पण फॉरवर्डातले नकोत.

कौलारू
कवडसा. विषय संपला.

खडूस_नंबर_१
इंग्रजीत तरी कुठे शब्द नाही? 'डॅपल्ड लाइट' म्हणतात की. हे 'भाषांतर न होणारे शब्द' प्रकरण म्हणजे मग आणि पोस्टर विकायचा धंदा आहे. भाषांतर होत नाही म्हणायचं आणि खाली एका ओळीत भाषांतर छापायचं.

गॅलरीतली_बाग
नमस्कार, मी इथे नवीन आहे. माझाही हाच त्रास आहे. दुसऱ्या मजल्यावर घर, गॅलरीसमोर करंजाचं मोठं झाड. ऊन येतं ते सगळं ठिपक्याठिपक्यांनी, एक वीतभर जागा धड उन्हात नसते. टोमॅटो नुसते उंच होतात, फळ धरत नाही. सोसायटीला दोन अर्ज दिले. ते म्हणतात फांदी कुंपणाच्या बाहेरची आहे, आमचा संबंध नाही. अशा ठिपक्यांच्या उन्हात काय लावता येईल?

मोहोर
@गॅलरीतली_बाग, ताई, हा धागा शब्दांचा आहे हो :) पण अळू लावून बघा, आमच्याकडे सावलीत छान येतं.

जुना_टोकियोकर
चौदा वर्षं तिकडे काढली, त्यातली बरीचशी यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करण्यात गेली. म्हणून या शब्दाकडे मी जरा प्लंबरच्या नजरेने बघतो.

कोमोरेबीचे तीन तुकडे पडतात. 'को' म्हणजे झाड. सुटं झाड 'की', पण जुन्या जोडशब्दांत त्याचा 'को' होतो. झाडाची सावली कोकागे, झाडाचं पान कोनोहा. शेवटचा 'बी' म्हणजे 'ही', सूर्य किंवा ऊन; जोडशब्दात मागे आला की ह चा ब होतो. आणि मधला 'मोरे' आहे मोरेरु या क्रियापदाचा, म्हणजे गळणे. हेच क्रियापद नळाला लागतं. पाण्याची गळती मिझुमोरे, गॅसची गळती गासुमोरे. छप्पर गळतं त्याला आमामोरी, त्यातला 'मोरी' याच क्रियापदाचा सख्खा भाऊ. माझ्या माहितीपुस्तकांत हे शब्द पानापानावर असायचे.

तेव्हा कोमोरेबी म्हणजे शब्दशः 'झाडगळतीचं ऊन'. झाड हे उन्हाला अडवणारं छप्पर आहे आणि ते थोडं गळतंय. फॉरवर्डातलं 'झिरपणारं' गोड आहे, पण मूळ शब्द त्याहून साधा आणि माझ्या मते जास्त नेमका आहे.

खडूसराव, 'डॅपल्ड' बरोबर, पण ते विशेषण आहे आणि ठिपकेदार घोड्यालाही चालतं. ते सांगतं की जमीन ठिपकेदार दिसतेय. कोमोरेबी सांगते की ऊन कुठून आलं. एकाची नजर खाली, दुसरीची वर.

कौलारू
मग माझा कवडसा काय वाईट? तोही फटीतूनच येतो.

जुना_टोकियोकर
वाईट अजिबात नाही, फक्त त्याचं घर वेगळं. कवडसा कौलाच्या फटीतून येतो, खिडकीच्या भोकातून येतो, आरशावरून भिंतीवरही पडतो. त्याला झाड लागत नाही. 'पानांतून आलेले कवडसे' असं म्हणावं लागतं आणि मग ते बरोबर होतं. उलट कोमोरेबी कौलातून आली असं म्हटलंत तर जपानी माणूस गोंधळेल. शिवाय कवडसा मोजता येतो, एक कवडसा, चार कवडसे. कोमोरेबी मोजत नाहीत. ती झाडाखाली असते किंवा नसते.

कौलारू
हे मान्य. आमच्या माजघरात सकाळी नऊला बरोब्बर एक कवडसा पाटावर यायचा. आजी त्यावरून सांगायची, भात उतरवा. त्याला तिने कधी ऊन म्हटलं नाही, 'कवडसा आला' असंच म्हणायची.

दुर्बीणवाला
शब्दांतलं मला कळत नाही, पण ठिपक्यांबद्दल एक विचारतो. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तिरक्या, त्रिकोणी, चिरेसारख्या. मग खालचे ठिपके गोल का?

खडूस_नंबर_१
कारण पोस्टरवर गोल बरे दिसतात.

मोहोर
फटी बारीक असल्या की प्रकाश पसरून गोल होत असेल.

दुर्बीणवाला
पसरण्यामुळे म्हणालात ते अर्धं बरोबर. तो गोल फटीचा नसतो, सूर्याचा असतो. प्रत्येक बारीक फट हा एक सूचीछिद्र कॅमेरा, आणि जमिनीवर पडते ती सूर्याची प्रतिमा. सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो. त्यामुळे ठिपक्याचा व्यास हा फटीपासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाइतका येतो. फट 5 मीटरवर असेल तर ठिपका साडेचार सेंटीमीटर. वडाच्या 10 मीटर उंच फांदीतून आलेला 9 सेंटीमीटर, म्हणजे बशीपेक्षा थोडा लहान. कौलारू, तुमच्या पाटावरचा कवडसाही याच हिशेबाचा होता.

सूर्य तिरका असला की ठिपका जमिनीवर लांबट होतो. तेव्हा आडवी, म्हणजे अरुंद बाजू मोजायची, आणि अंतर किरणाच्या रेषेतलं धरायचं, सरळ खाली नव्हे. फट या आकारापेक्षा मोठी असेल तर हिशेब बिघडतो, मग फटीचाच आकार उमटतो. ओळखायचं कसं? पांढरा कागद उन्हाला काटकोनात धरा आणि पानांकडे हळूहळू वर न्या. पानाजवळ वेडावाकडा आकार दिसतो, खाली येता येता तो गोल होत जातो. गोल झाला नाही तर फट मोठी आहे.

खरी मजा ग्रहणात. 26 डिसेंबर 2019 ला सकाळी आपल्याकडे खंडग्रास होतं. मी सांगलीत आंब्याखाली चादर अंथरली होती. चादरभर चंद्रकोरी. शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, झाडाला नखं आली."

जुना_टोकियोकर
व्वा. मग हेही ऐका. 21 मे 2012 ला टोकियोवरून कंकणाकृती ग्रहण गेलं, सकाळी साडेसातच्या सुमारास. ऑफिसला निघायची वेळ. मी स्टेशनकडे जात होतो, आभाळात ढग येऊन जाऊन. एका केयाकीच्या झाडाखाली लोक थांबलेले, आणि सगळ्यांच्या माना खाली. फुटपाथवर बांगड्या पडल्या होत्या, शेकडो. एका शर्ट-टायवाल्याने आपली पांढरी फाइल पुढे धरली, तिच्यावर पाच-सहा कंकणं. ढग आला की सगळं पुसलं जायचं आणि लोक न बोलता वाट बघायचे. "कोमोरेबी गा वा नी नात्तेरु" असं एक बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. कोमोरेबी कंकण झालीय. तेव्हा तो शब्द मला पहिल्यांदा नीट कळला असं वाटतं.

दुर्बीणवाला
हेवा वाटला. आपल्याकडे पुढचं थोडंसं खंडग्रास 2 ऑगस्ट 2027 ला संध्याकाळी आहे. पण ऑगस्टात आभाळ साथ देईल तर शपथ.

मोहोर
धागा कुठून कुठे गेला, पण जाऊ दे. आता दुसरे शब्द सांगा ना. पावसाचे नकोत, पन्नास शब्दांच्या याद्या सगळीकडे आहेत.

देवगडी
आमच्याकडे ऊन असताना पाऊस आला की कोल्ह्याचं लग्न म्हणतात. जपानात पण कोल्ह्याचंच लग्न असतं म्हणे. खरं काय?

जुना_टोकियोकर
अगदी खरं. कित्सुने नो योमेइरी, कोल्ह्याची नवरी सासरी निघते. कोल्हा इथून तिकडे गेला की तिकडून इकडे आला ते मला विचारू नका.

मोहोरताई, तुम्हाला माझा आवडता गट देतो. चंद्राचा आहे. चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातल्या पंधराव्या रात्रीचा चंद्र पाहणं हा त्यांचा मोठा सोहळा, त्सुकिमी. पण नावांची खरी गंमत त्यानंतरच्या रात्रींत आहे, कारण चंद्र रोज उशिरा उगवतो.

सोळावी रात्र इझायोई. तो शब्द 'कचरणे, घुटमळणे' या जुन्या क्रियापदावरून आला. चंद्र जरा घुटमळून येतो. सतरावी ताचिमाची-झुकी, उभ्याने वाट पाहण्याचा चंद्र. अठरावी इमाची-झुकी, आता पाय दुखले, बसून वाट पाहायची. एकोणिसावी नेमाची-झुकी, आडवं होऊन. आणि विसावी फुकेमाची-झुकी, रात्र चढेपर्यंत वाट पाहायची. चंद्र कसा दिसतो याबद्दल यात अक्षर नाही. नाव आहे ते पाहणाऱ्याच्या पायांचं.

कौलारू
म्हणजे त्सुकिमी म्हणजे आपली कोजागिरी! दूध आटवतात का?

जुना_टोकियोकर
दूध नाही, तांदळाच्या पिठाचे गोळे, दांगो. सोबत सुसुकी गवताचे तुरे. पण ती कोजागिरी नव्हे. आठव्या महिन्याची ती पौर्णिमा बहुतेक वेळा आपल्या भाद्रपदाची येते, जिच्यानंतर आपल्याकडे पितृपक्ष लागतो. 2024 ला त्सुकिमी 17 सप्टेंबरला होती आणि कोजागिरी 16 ऑक्टोबरला. मात्र तिकडे नवव्या महिन्याची तेरावी रात्रही पाहतात, जुसान्या. ती 2024 ला 15 ऑक्टोबरला होती. म्हणजे कोजागिरीची शेजारीण म्हणायची तर ती.

पंचांग_आणि_चहा
मी इतका वेळ नुसता वाचत होतो, पण एकोणिसाव्या रात्रीला राहवलं नाही. अहो, पौर्णिमा पंधरावी धरली तर एकोणिसावी म्हणजे वद्य चतुर्थी. संकष्टी! पडून चंद्राची वाट पाहायची रात्र हीच आपली उपासाची रात्र. माझे वडील संध्याकाळी सातपासून दर दहा मिनिटांनी गच्चीत जायचे आणि साडेआठनंतर खरंच पलंगावर आडवे व्हायचे. आई म्हणायची, "मोदक गार झाले, तुमचा चंद्र कुठवर आलाय?"

एक सूक्ष्म भेद मात्र आहे. जपानी पंचांगात अमावास्येचा क्षण ज्या दिवशी येतो तो अख्खा दिवस पहिला, पुढे नुसते दिवस मोजायचे. आपली तिथी चंद्र-सूर्याच्या अंतरावर चालते, ती कमीजास्त लांबते. त्यामुळे संकष्टी दर वेळी एकोणिसाव्या रात्रीलाच येईल असं नाही, एखादा दिवस इकडेतिकडे.

दुर्बीणवाला
उगवण्याचा उशीर सरासरी पन्नास मिनिटं रोज, पण तो वर्षभर सारखा नसतो. भाद्रपद-आश्विनात पौर्णिमेनंतर चंद्राची वाट क्षितिजाला बरीच आडवी असते, म्हणून उशीर कमी. जपान आपल्यापेक्षा उत्तरेला, तिथे तो अर्ध्या तासाच्या आसपास येतो. म्हणजे उभ्याने वाट पाहणं खरोखर शक्य आहे. हीच नावं वसंतात ठेवली असती तर सतराव्या रात्रीच लोक झोपले असते.

आपल्याकडेही ताडून बघा. भाद्रपद-आश्विनातल्या संकष्टीला चंद्रोदय साडेआठच्या आतबाहेर असतो, फाल्गुन-चैत्रात दहाकडे सरकतो.

पंचांग_आणि_चहा
बरोबर! चैत्रातली संकष्टी आमच्याकडे सगळ्यांत कुप्रसिद्ध होती.

खडूस_नंबर_१
हे शब्द बरे आहेत. ढग असले तर काय करतात? पोस्टर लावतात?

जुना_टोकियोकर
त्यालाही शब्द आहे. त्सुकिमीच्या रात्री ढगांनी चंद्र दिसलाच नाही तर मुगेत्सु, नसलेला चंद्र. पाऊस लागला तर उगेत्सु, पावसातला चंद्र. दोन्ही हायकूत शरदाचे किगो म्हणून चालतात, म्हणजे ऋतू सांगणारे शब्द. न दिसलेल्या चंद्रावर कविता करतात ते लोक.

आणि गंमत म्हणजे तुमची पोस्टरवाली कोमोरेबी ठरावीक ऋतूचा किगो नाही, ती बाराही महिने चालते. किगो आहे तिची उलटी बाजू, कोनोशितायामी, झाडाखालचा अंधार. तो उन्हाळ्याचा. भर दुपारी रस्त्यावरून दाट झाडीत शिरलं की क्षणभर काही दिसत नाही ना, तो. तो फॉरवर्डात कधी येत नाही, कारण त्याचा फोटो काळा येतो.

देवगडी
वाऱ्याचं काय? वाऱ्याशिवाय निसर्ग कसला. आमच्याकडे दिवसा खारा वारा, रात्री मतलई. होड्या त्यावरच चालायच्या.

जुना_टोकियोकर
देवगडी, तुमच्यासाठीच एक राखून ठेवला होता. हारु इचिबान, वसंतातला पहिला जोराचा दक्षिण वारा. आता टीव्हीवर हसत हसत सांगतात. हवामान खातं तो जाहीर करतं, आणि त्याला नियम आहेत. फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या रिश्शुनपासून वसंतसंपातापर्यंतच्या काळातच यायला हवा, दक्षिणेकडून यायला हवा, टोकियोच्या भागात सेकंदाला 8 मीटरचा वेग हवा, आणि आदल्या दिवसापेक्षा ऊब वाढायला हवी. एखाद्या वर्षी वारा नियमात बसत नाही, मग त्या वर्षी हारु इचिबान झालाच नाही असं जाहीर होतं.

पण शब्द मुळात खलाशांचा. क्यूशूच्या वर इकी नावाचं बेट आहे. 1859 मध्ये तिथल्या गोनोउरा गावचे कोळी समुद्रात असताना हा वारा सुटला आणि 53 जण बुडाले. तिथे त्याचं स्मारक आहे. या वाऱ्याला लोक 'वसंताचा पहिला' म्हणायचे ते सावध राहण्यासाठी. आता कपड्यांच्या सेलच्या जाहिरातीत तो शब्द दिसतो.

देवगडी
हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या गावात नारळी पौर्णिमेच्या आधी होडी लोटायची नाही, हे आजोबांनी असंच एकदा नावं घेत घेत सांगितलं होतं. माणसांची नावं. तेव्हा मी लहान होतो, नावं आठवत नाहीत.

मोहोर
🙏

कौलारू
मूळ प्रश्न राहिलाच की. कोमोरेबीला मराठी शब्द ठरला का? 'तिरीप' कुणी सुचवलाच नाही.

जुना_टोकियोकर
तिरीप फार सुंदर, पण ती ढगातून येते, सकाळची तिरपी येते, क्वचित येते. कोमोरेबी भर दुपारीही असते.

पंचांग_आणि_चहा
'पानगळीचं ऊन' म्हणावं तर पानगळ आडवी येते.

खडूस_नंबर_१
'झाडगळ'. घ्या. फुकट.

मोहोर
झाडगळ ऐकून कुणीतरी झाड पडलं असंच वाटेल. मी तरी तूर्त 'पानांतले कवडसे' लिहीन. गेल्या रविवारी सिंहगड रोडवरच्या पुणे-ओकायामा उद्यानात मुद्दाम बघायला गेले होते. तिथे मोकळी हिरवळच जास्त, कोमोरेबी कमी.

जुना_टोकियोकर
साहजिक आहे. ती बाग ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलीय, आणि कोराकुएनची ओळखच मोकळी हिरवळ. कोमोरेबी बघायला सरळ एम्प्रेस गार्डनला जा.

गॅलरीतली_बाग
मंडळी, तुमची चर्चा मी सगळी वाचली. अळू लावलंय, धन्यवाद. पण मुख्य म्हणजे दुर्बीणवाले दादांनी सांगितलेलं करून बघितलं. सकाळी दहाला गॅलरीत पांढरी फुलस्केप उन्हाला काटकोनात धरली. ठिपके गोल आले. त्यातले तीन पट्टीने मोजले, तिन्ही साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. गुणिले एकशेदहा, म्हणजे फांदी माझ्या कागदापासून 3.8 मीटर, बरोबर? ह्यांनी मग टेप खाली सोडून मोजलं. कुंपणाची भिंत गॅलरीपासून सरळ सहा मीटर लांब आहे. म्हणजे फांदी भिंतीच्या चांगली आतली निघाली! तिसरा अर्ज लिहायला घेतलाय. यात 'कोमोरेबी' लिहू की 'कवडसे'?

खडूस_नंबर_१
ताई, 'गळती' लिहा. गळती म्हटलं की सोसायटी लगेच माणूस पाठवते.

दुर्बीणवाला
अर्ज द्यायच्या आधी दुपारी चारला परत एकदा मोजा. सकाळचा किरण दुसऱ्या फांदीतून येत असू शकतो.